अठ्ठावीस दिवसांचं गणित

भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीतला एक मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. मोटरसायकलला लागणारे सुटे भाग तिथे जोडले जातात आणि सेट करून मोठ्या कंपनीच्या लाइनला पाठवले जातात. प्लॅनिंग आणि स्टोअर एक तरुण इंजिनीअर सांभाळते. एप्रिल २०२५ मध्ये तिच्या अप्रेझल फॉर्मवर एक ओळ लिहिली गेली: ‘मालाचा साठा ३८ दिवसांवरून २८ दिवसांवर आणणे, ३१ मार्चपर्यंत. वेटेज ३०.’ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात साठा २३ दिवसांवर आला. उद्दिष्ट सहा महिने आधीच पार झालं, वर पाच दिवसांची कमाईही झाली. आणि त्याच आठवड्यात बेअरिंग संपलं म्हणून लाइन दोनदा थांबली.

कारखाना उदाहरणासाठी घेतलेला आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत असे गोल केलेले आहेत. त्या वर्षी बाजारात जे घडलं ते मात्र खरं आहे. १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी जीएसटीचे दर बदलण्याची घोषणा केली. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर ठरवले आणि २२ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, ते लागू झाले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. महिनाभर थांबलं तर गाडी काही हजारांनी स्वस्त मिळणार हे कळल्यावर आधी कोण घेईल? पितृपक्ष तर होताच. लोकांनी खरेदी पुढे ढकलली आणि नवरात्रापासून शोरूमला गर्दी झाली.

या सगळ्याचा आमच्या इंजिनीअरच्या त्या एका ओळीशी संबंध कसा आला, हे समजून घेण्यासारखं आहे. उद्दिष्ट मोजता येतं म्हणजे ते नीट लिहिलेलं असतंच, या समजाला इथेच तडा जातो.

साठ्याचे ‘दिवस’ हा भागाकार असतो. गोदामातल्या मालाची किंमत वर आणि रोजच्या वापराची किंमत खाली. एप्रिलमध्ये तिच्याकडे १ कोटी ९० लाखांचा माल होता आणि रोज ५ लाखांचा वापरला जायचा, म्हणून ३८ दिवस. मे ते जुलै तिने मेहनत घेतली. पडून असलेला काही माल पुरवठादाराकडे परत केला, काही ऑर्डरी छोट्या-छोट्या करून मागवल्या आणि साठा १ कोटी ५५ लाखांवर, म्हणजे ३१ दिवसांवर आणला. हे तिचं काम होतं. मग ग्राहक थांबले, कंपनीने सप्टेंबरचं शेड्यूल ४० हजार सेटवरून ३२ हजारांवर आणलं आणि रोजचा वापर ४ लाखांवर घसरला. आधी दिलेल्या ऑर्डरींचा माल मात्र येतच राहिला. १ कोटी ६४ लाख भागिले ४ लाख म्हणजे ४१ दिवस. तीन आठवड्यांत ती एप्रिलपेक्षाही मागे गेली. पुढे शेड्यूल ५६ हजारांवर उडालं, वापर ७ लाखांवर गेला आणि तोच माल २३ दिवसांचा झाला. ४१ हा तिचा दोष नव्हता, २३ हे तिचं कर्तृत्वही नव्हतं. तिने हात न लावताच खालचा आकडा हलला होता.

अशा वेळी फॉर्म आणि कारखाना दोन उलट दिशांना ओढू लागतात. कारखान्याला आता माल भरून ठेवायचा आहे आणि तिच्या फॉर्मला तो कमी करायचा आहे. प्रामाणिक माणूस कारखान्याचं ऐकतो आणि मार्चमध्ये आपले गुण घालवतो. हुशार माणूस फॉर्मचं ऐकतो. पगारवाढ फॉर्मवर ठरत असेल तर त्याला दोष तरी कसा द्यायचा?

अशा वेळी बहुतेक कचेऱ्यांत दोन उपाय सुचतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. पहिला म्हणजे पुढच्या वर्षी ओळ सैल करणे: ‘व्यवसायाच्या गरजेनुसार साठ्याचे सुयोग्य व्यवस्थापन करणे.’ वाचायला बरं वाटतं, पण मार्चमध्ये ‘सुयोग्य’ म्हणजे काय हे ज्याच्या हातात पेन असेल तो ठरवणार. दुसरा उपाय तोंडी असतो. साहेब कॉरिडॉरमध्ये म्हणतात, “ते अठ्ठावीस सोड आता, माल कमी पडू देऊ नकोस, मी बघून घेईन.” साहेब मनापासून बोललेले असतात. पण जानेवारीत त्यांची बदली होते किंवा ते दुसरी नोकरी धरतात. नव्या माणसापुढे उरतो तो फॉर्म आणि फॉर्ममध्ये २८ लिहिलेलं असतं.

लवचिकता हवीच, पण ती शब्दांत ठेवली की उद्दिष्ट ढिलं पडतं. आकडा घट्ट ठेवावा आणि तो कोणत्या परिस्थितीत खरा आहे ते त्याच्या शेजारी लिहावं. दरपत्रकाखाली ‘हे दर अमुक तारखेपर्यंत’ अशी ओळ असते. त्या ओळीमुळे दर ढिले होत नाहीत, ते कुठवर चालतील एवढं कळतं.

उद्दिष्ट आकड्यात लिहिण्याची रीत तशी जुनी आहे. पीटर ड्रकर यांनी १९५४ च्या पुस्तकात मॅनेजरचं काम उद्दिष्टांवरून जोखण्याची कल्पना मांडली. १९८१ मध्ये जॉर्ज डोरन यांनी एका मासिकातल्या छोट्या लेखात त्याला ‘स्मार्ट’ हे लघुनाम दिलं. आज प्रशिक्षणात या अक्षरांचे जे अर्थ शिकवले जातात ते सगळे डोरन यांचे नाहीत. त्यांच्या लेखात ‘ए’ म्हणजे ते काम कोणावर सोपवलं आहे हे ठरलेलं असणं. पुढे त्याचं ‘साध्य होण्याजोगं’ झालं. प्रत्येक उद्दिष्टाला पाचही अक्षरं लागू व्हायलाच हवीत असा त्यांचा हट्टही नव्हता. बदलत्या काळाचं उत्तर दुसऱ्या वाटेने आलं. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी उद्दिष्टं आणि त्यांचे ठळक परिणाम थोड्या-थोड्या काळासाठी लिहून घ्यायची पद्धत रुजवली. जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये ती गूगलमध्ये नेली. दर तिमाहीला नवी पाटी कोरायची. सॉफ्टवेअरच्या कामात हे जमतं. पण ज्या कारखान्यात व्हेरिएबल पगार एप्रिल ते मार्च या हिशेबाने ठरतो आणि एचआरची माणसं तीन-चारच आहेत, तिथे वर्षातून चार वेळा सगळ्यांचे फॉर्म नव्याने भरणं होत नाही. झालंच तर गेल्या तिमाहीची नक्कल उतरवली जाते. त्यामुळे वर्षाचाच फॉर्म असा लिहावा लागतो की मध्ये एखादा भाग बदलला तरी बाकीचा उभा राहील.

तिची ओळ एप्रिलमध्ये कशी लिहायला हवी होती ते आता पाहू.

पहिलं काम म्हणजे ‘साठा’ हा एक शब्द फोडणं. तिच्या १ कोटी ९० लाखांत ४० लाखांचा माल असा होता की ९० दिवसांत त्यातला एक नगही हलला नव्हता. मॉडेल बंद झालं, डिझाइन बदललं, कुणीतरी चुकून दुप्पट मागवलं, अशा कारणांनी साचलेला. स्टोअरवाले त्याला नॉन-मूव्हिंग म्हणतात. हा माल निकाली काढणं पूर्णपणे तिच्या हातात आहे. मागणी चढो वा पडो, जीएसटी लागो वा उतरो, त्यावर परिणाम नाही. म्हणून ही ओळ वेगळी लिहायची: ‘९० दिवसांत न हललेला माल ४० लाखांवरून ३१ मार्चपर्यंत २० लाखांवर आणणे.’ हिच्याशेजारी कसलीही अट लागत नाही आणि वर्षभर ती बदलायचीही नाही.

उरलेला दीड कोटींचा चालू माल मागणीला बांधलेला असतो. इथे दिवसांचा एक ठोक आकडा धोक्याचा. त्याऐवजी पट्टा द्यावा आणि तो मागच्या वापरावर न मोजता पुढच्या महिन्याच्या शेड्यूलवर मोजावा: ‘प्रत्येक महिन्याच्या अखेरीस चालू मालाचा साठा पुढील महिन्याच्या शेड्यूलच्या २२ ते २८ दिवसांइतका असावा.’ पट्ट्याला खालची कडही असते, हे महत्त्वाचं. ‘कमी करणे’ या शब्दांना तळ नसतो, म्हणूनच २३ दिवस हे यश दिसलं आणि लाइन थांबली. तिसरी ओळ त्या पहिल्या दोन ओळींवर पहारा ठेवणारी: ‘माल नाही म्हणून लाइन महिन्यात चार तासांपेक्षा जास्त थांबू नये.’ साठा कमी केल्याचं खरं मोल इथेच कळतं, कारण बेताल कपात केली तर पहिला फटका याच ओळीला बसतो.

एकूण ३० गुणांपैकी न हललेल्या मालाला ६, पट्ट्याला १२ आणि लाइनला १२ दिले. शेवटच्या दोन ओळींना महिन्याला एक गुण पडतो. हे सोपं ठेवण्यामागे कारण आहे: वर्ष मध्येच तुटलं तर आधीच्या महिन्यांचे गुण जागच्या जागी सुटे करता येतात. सगळा निकाल ३१ मार्चच्या एका दिवसावर टांगला असेल तर सप्टेंबरपर्यंतच्या कामाला किंमत कशी लावणार?

आता अट. ती दोन वाक्यांत बसते: ‘वरील आकडे महिन्याचे शेड्यूल ३६ ते ४४ हजार सेट राहील असे धरून ठरवले आहेत. ज्या महिन्याचे शेड्यूल या पट्ट्याबाहेर असेल त्याच्या आदल्या महिनाअखेरचा साठा गुणांसाठी धरू नये; सलग दोन महिने शेड्यूल बाहेर गेल्यास दहा कामाच्या दिवसांत दोघांनी बसून साठा व लाइन या ओळी पुढील महिन्यांसाठी नव्याने लिहाव्यात.’ आकडे कुठून घ्यायचे तेही लिहायचं: ईआरपीतला महिनाअखेरचा रिपोर्ट आणि कंपनीने पाठवलेलं शेड्यूल. हे क्षुल्लक वाटतं. पण मार्चमधली निम्मी भांडणं ‘माझ्या एक्सेलमध्ये वेगळं दिसतंय’ या वाक्याने सुरू होतात.

या अटीचा मला आवडणारा भाग म्हणजे तिच्यातलं ‘शेड्यूल’. तो आकडा बाहेरून येतो. इंजिनीअरला तो वाकवता येत नाही आणि साहेबांनाही येत नाही. अट कशावर ठेवायची याची कसोटी हीच आहे. ‘पुरवठादाराने उशीर केल्यास’ ही अट चालणार नाही, कारण पुरवठादाराकडून वेळेवर माल घेणं हेच तिचं काम. ‘मनुष्यबळ कमी पडल्यास’ हीसुद्धा बहुतेकदा चालणार नाही. काम अवघड झालं आणि कामाची दिशा बदलली, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी आकडा हलवायचा नाही. दुसरीसाठी तो हलवला नाही तर आकडाच खोटा पडतो.

आता वर्ष पुन्हा चालवून पाहू. एप्रिलअखेरीस साठा पट्ट्याबाहेर होता, तो गुण गेला. मे, जून, जुलै हे तिन्ही महिने पट्ट्यात. ऑगस्टअखेरीस पुढचं शेड्यूल ३२ हजार, सप्टेंबरअखेरीस ५६ हजार. दोन्ही ३६ ते ४४ च्या बाहेर, म्हणून दोन्ही महिने हिशेबातून वगळले. चारांपैकी तीन महिने साधले, तेव्हा सहा गुणांपैकी साडेचार. लाइन पहिले सहा महिने कधी अडली नव्हती, म्हणून तिथे पूर्ण सहा. हे साडेदहा गुण ३० सप्टेंबरला कुलूपबंद. पुढे काहीही झालं तरी त्यांना हात लावायचा नाही. उद्दिष्ट बदलताना पाळायचा हाच सर्वात कडक नियम, आणि तो दोन्ही बाजूंनी लागतो. नवी दिशा आली म्हणून जुनं काम शून्य होत नाही आणि जुन्या चुकाही पुसल्या जात नाहीत. एप्रिलचा गेलेला गुण गेलेलाच राहतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोघं बसले. कंपनीला आता माल वेळेवर पोचणं साठ्याच्या खर्चापेक्षा मोलाचं होतं. म्हणून उरलेल्या सहा महिन्यांच्या १२ गुणांची वाटणी बदलली: लाइनला ९, साठ्याला ३. पट्टा २८ ते ३३ दिवसांवर नेला. न हललेल्या मालाची ओळ जशीच्या तशी ठेवली. गर्दीच्या काळात लोक घाबरून काहीही मागवून ठेवतात आणि पुढच्या वर्षीचा न हललेला माल तिथेच जन्माला येतो.

एकूण वेटेज ३० चं ३० राहिलं, ही गोष्ट वाचताना सहज निसटते. वर्षाच्या मध्यावर सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे नुसती बेरीज करणं. नवं काम येतं, त्याची नवी ओळ येते आणि जुनी ओळ कुणी खोडत नाही. सप्टेंबरपर्यंत पाच उद्दिष्टं होती, डिसेंबरमध्ये आठ होतात आणि वेटेजची बेरीज १३० भरते. एचआरचं सॉफ्टवेअर १३० स्वीकारत नाही, म्हणून सगळ्या ओळींचे थोडे-थोडे गुण कापले जातात आणि शेवटी कोणतं काम महत्त्वाचं ते कोणालाच सांगता येत नाही. नवी ओळ लिहिताना साहेबांना एकच प्रश्न विचारावा: “सर, मग यातलं काय सोडू?” याचं उत्तर मिळत नसेल तर प्राधान्य बदललेलं नाही, फक्त काम वाढलं आहे.

दुसरी चूक वेळेची. मिड-इयर रिव्ह्यू ऑक्टोबरमध्ये असतो, म्हणून लोक ऑगस्टमध्ये उलटलेली गोष्टही ऑक्टोबरपर्यंत धरून ठेवतात. उलट काही जण फेब्रुवारीत उद्दिष्टं ‘सुधारतात’, म्हणजे जे घडून गेलं तेच उद्दिष्ट म्हणून लिहितात. बाण लागला तिथे वर्तुळ काढण्यातला प्रकार. हे ओळखायची सोपी खूण आहे: बदलाची तारीख आणि बदलाच्या कारणाची तारीख शेजारीशेजारी ठेवून पाहा. कारण सप्टेंबरचं आणि बदल फेब्रुवारीचा असेल तर काहीतरी सारवासारव चालली आहे. म्हणून मी तर म्हणेन की १ जानेवारीनंतर फॉर्मला हात लावायचा नाही, असा नियमच करावा. शेवटच्या तीन महिन्यांत काही उलथापालथ झालीच तर ती शेऱ्यात लिहावी, आकड्यात नको.

मार्च उजाडला. चालू माल पट्ट्यात होता. न हललेला माल ४० लाखांवरून २२ लाखांवर आला, म्हणजे वीस लाखांच्या घटीपैकी अठरा लाखांची साधली; ६ पैकी ५.४ गुण. दुसऱ्या सहामाहीत लाइन आणि साठा दोन्ही सहापैकी चार-चार महिने मर्यादेत राहिले; लाइनचे ६ गुण, साठ्याचे २. पहिल्या सहामाहीचे साडेदहा धरून जवळजवळ २४.

एप्रिलची मूळ ओळ तशीच राहिली असती तर? मार्चअखेर मागणी थोडी निवळली होती, रोजचा वापर ६ लाखांवर स्थिरावला होता. एकूण साठा साधारण २ कोटी ८ लाख, म्हणजे ३५ दिवस. ३८ वरून २८ वर यायचं होतं, आली ३५ वर. दहा दिवसांपैकी तीन दिवस, तीस गुणांपैकी नऊ. तीच व्यक्ती, तेच वर्ष आणि तेच काम असूनही नऊ आणि चोवीस एवढा फरक केवळ एप्रिलमध्ये काय लिहिलं यावरून पडतो.

या रीतीची मर्यादाही सांगायला हवी. गुण किती पडले हे या हिशेबातून कळतं, पगारवाढ किती मिळणार हे कळत नाही. पुष्कळ कंपन्यांत रेटिंग बेल कर्व्हमध्ये बसवतात, म्हणजे वरच्या दर्जात किती टक्के माणसं असावीत हे आधीच ठरलेलं असतं. तिथे चोवीस गुणांची तुलना दुसऱ्या विभागातल्या कुणाच्या सव्वीसशी होणार, आणि त्या सव्वीसमागची उद्दिष्टं कदाचित कधीच बदलावी लागली नसतील. शिवाय प्रत्येक काम असं मोजता येत नाही. डिझाइनमधल्या माणसाच्या वर्षभराच्या विचाराला महिन्याला एक गुण लावू गेलात तर तो ड्रॉइंगची संख्या वाढवेल. तिथे आकड्याऐवजी टप्पा लिहिलेला बरा, उदाहरणार्थ ‘नमुना तयार, कंपनीकडून चाचणीत मंजूर’. कोणती परिस्थिती धरून चाललो आहोत ती ओळ मात्र त्या टप्प्यालाही जोडता येते.

फॉर्म नीट लिहिला गेला आहे का हे पाहायला मला एक पद्धत बरी वाटते. नाव झाकून तो फॉर्म आणि वर्षाचे आकडे अकाउंट्समधल्या कुणाच्या तरी हातात द्यायचे, ज्याला प्लॅनिंगमधलं काहीही ठाऊक नाही. त्याने काढलेले गुण आणि साहेबांनी काढलेले गुण जुळले तर ओळ पक्की. त्याने मान वर करून विचारलं, “हे सुयोग्य म्हणजे किती धरू?” तर ती ओळ एप्रिलमध्येच परत लिहायला हवी होती.

आमच्या इंजिनीअरच्या साहेबांची खरंच जानेवारीत बदली झाली. मार्चच्या रिव्ह्यूला नव्या साहेबांनी पहिला प्रश्न तोच विचारला, “मॅडम, एप्रिलमध्ये इथे दिवसांचा पट्टा बावीस ते अठ्ठावीस होता ना? मग मध्येच तेहतीसपर्यंत कसा गेला?” तिने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला मेल उघडून त्यांच्यासमोर ठेवला. जुन्या साहेबांची सही, दोन महिन्यांची शेड्यूलं आणि खाली त्यांनी टाइप केलेली एक ओळ: ‘बदल १ ऑक्टोबरपासून. त्याआधीचे गुण कायम.’ त्यांनी ती दोनदा वाचली आणि फॉर्मचं पान उलटलं.